धोंड्याचा महिना आणि चोवीस लाख

२४ एप्रिलला, शुक्रवारी, रायपुरातल्या संतोषी नगरच्या शेडमध्ये पुढील गोष्टी होत्या. ट्रक एक. ट्रकवर बसवलेले स्पीकर अठरा, त्यांपैकी वाजणारे सतरा. अँप्लिफायर सहा. जनरेटर एक. बँजो दोन, पैकी एकाची तार तुटलेली. ढोल चार, ताशे सहा. फिरते लाइट आठ. त्यांपैकी सात सगळे रंग दाखवत, आठवा जिद्दीने फक्त निळाच. वाजवणाऱ्यांचे सोनेरी कोट चौदा, पूर्ण बटणं असलेले पाच. आणि बुकिंगची डायरी एक, जिच्यात १७ मेपासून १५ जूनपर्यंत तीस पानं कोरी होती.

नीलिमा खोब्रागडे दर शुक्रवारी ही मोजदाद करी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर ती बूढापाऱ्यातल्या घरी शिकवण्या घेत होती आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या 'खोब्रागडे धुमाल पार्टी'चे, म्हणजे वरातीपुढे ट्रकवरून वाजणाऱ्या बँडचे, हिशेब बघत होती. बटणं मोजायची गरज काय, असं तिला बरेच जण विचारत. जे मोजलं नाही ते हरवल्याचंही कळत नाही, असं तिचं उत्तर असे. कोरी पानं मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदाच मोजली, आणि मग पुन्हा एकदा मोजली.

"बाबा, लग्नाच्या भर सीझनमध्ये महिनाभर एकही वरात नाही?"

धर्मपाल ट्रकच्या दांडीवर बसून ताशाची दोरी ताणत होते. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये एकतीस वर्षं त्यांनी डब्यांचे ब्रेक दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरभर आवाज करायचं ठरवलं.

"अभनपुरवाला भाव पाडून राहिला," ते म्हणाले. "त्याच्यासाठी तर मी बी पाच हजार कमी केले. तरी कोणी फोन करत नाही. तू टेन्शन नको घेऊ, येतीन."

"पाच हजार कमी केले? कोणाला विचारून?"

"मालक मीच आहो ना?"

"मालक फायनान्सवाले आहेत," नीलिमा म्हणाली. "तुम्ही ड्रायव्हर."

हे तसं खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी, १५ जून २०२३ रोजी, धर्मपालांनी ग्रॅच्युइटीचे बारा लाख आणि एका फायनान्स कंपनीचे चोवीस लाख एकत्र करून ट्रक, आवाज आणि उजेड विकत घेतला. धुमालची कमाई हंगामी असते. लग्नांत, गणपतीत, दुर्गेच्या झाँकीच्या मिरवणुकीत पैसा येतो, आणि बाकी दिवस माणसं शेडमध्ये पत्ते खेळतात. असल्या धंद्याला महिन्याचा मोठा हप्ता झेपणार नाही, म्हणून कंपनीने कर्ज वेगळ्या पद्धतीचं दिलं. तीन वर्षं दरमहा फक्त व्याज भरायचं: पंधरा टक्क्यांनी तीस हजार. मुद्दल जागचं हलणार नाही. आणि १५ जून २०२६ ला चोवीसच्या चोवीस लाख एकाच वेळी परत. कंपनीच्या कागदात या शेवटच्या रकमेला 'बलून' म्हटलेलं होतं. धर्मपालांना तो शब्द भलताच आवडला. लग्नात फुगे असतातच, असं ते म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

सहीनंतर जागी झाली ती नीलिमा. छत्तीस महिने व्याज भरूनही कर्जातला एक रुपया कमी होत नाही, हे तिने वडिलांना चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी समजावणं सोडलं आणि सिंकिंग फंड उघडला: फुगा फुटायच्या दिवसासाठी आतापासून थोडं थोडं बाजूला टाकायचं वेगळं खातं. महिन्याला ठरावीक रक्कम शक्यच नव्हती, म्हणून तिने वरात हेच माप धरलं. प्रत्येक बुकिंग वाजवून झालं की दुसऱ्या दिवशी दहा हजार खात्यात. लाखभर साठले की मुदत ठेव, आणि प्रत्येक ठेवीची मुदत अशी की ती १० जून २०२६ च्या आत मोकळी व्हावी. दुसऱ्या धुमालवाल्यांच्या जुन्या डायऱ्या तपासून तिने अंदाज बांधला: तीन वर्षांत दोनशेवीस बुकिंग, म्हणजे बावीस लाख, ठेवींचं व्याज कर कापून सुमारे दोन लाख. बेरीज चोवीस.

"नाव तरी दुसरं ठेव," धर्मपाल तेव्हा म्हणाले होते. "सिंकिंग म्हणजे बुडणं. धंद्याची सुरुवातच बुडण्यानं?"

"बुडायचं आहे ते कर्जाला. तुम्ही काठावर बसा."

आणि तीन वर्षं तो तक्ता रेल्वेच्या टाइमटेबलपेक्षा खरा निघाला. एकशे नव्वद बुकिंग, एकोणीस लाख. मे महिन्याच्या मध्यापर्यंत आणखी सहा ठरलेली. शेवटची चोवीस, तक्त्याप्रमाणे, या तीस कोऱ्या पानांवर असायला हवी होती. ती नसली तर १५ जूनला दोन लाख चाळीस हजार कमी पडणार होते.

शनिवारी सकाळी नीलिमा शेजारच्या अनंतरावांकडे गेली. अनंतराव दामले पूर्वी तहसीलीत होते, आता एका मंगल कार्यालयाचं बुकिंग बघत, त्यामुळे रायपुरात कोण कोणाशी कधी लग्न करतंय हे वर-वधूच्या आधी त्यांना कळे.

"काका, १७ मे ते १५ जून तुमचा हॉल किती दिवस बुक आहे?"

"शून्य दिवस," अनंतराव म्हणाले. "रंग लावून घेतोय हॉलला."

"काहून?"

अनंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. एम.एस्सी. झालेल्या मुलीला आपल्याला काही शिकवायला मिळतंय, हा आनंद त्यांनी लपवला नाही. "धोंड्याचा महिना आहे ना. अधिक ज्येष्ठ. इकडचे लोक पुरुषोत्तम मास म्हणतात. जावयाला अनारसे खाऊ घालायचे, पोथी वाचायची, पण लग्न? कोणी शहाणा माणूस धोंड्यात लग्न करत नाही. तुमच्या घरी पंचांग नाही काय?"

"आमच्या घरी पंचांग कशाला असणार?"

"खरं आहे, तुम्ही बौद्ध, नाही पाळत," ते म्हणाले. "पण बेटा, तुमचं गिऱ्हाईक पाळतं."

नीलिमाने विचारलं, हा महिना दर किती वर्षांनी येतो.

"साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस लहान, म्हणून तो फरक भरून काढायला. मागचा तेवीस साली होता. अधिक श्रावण."

हे ऐकून नीलिमाला मनापासून आनंद झाला, आणि असल्या वेळी आनंद झाल्याची लाजही वाटली. तेवीस सालचा अधिक महिना श्रावणात पडला होता. त्या दिवसांत चातुर्मास असतो, लग्नं तशीही नसतात, म्हणून तिच्या आकड्यांत त्याचा खड्डा उमटलाच नाही. अकरा दिवसांचा फरक शाळेपासून तिच्या डोक्यात होता. पृथ्वी, चंद्र, दोघांचे कोन, सगळं. फक्त त्या कोनावर चोवीस वराती टांगलेल्या असतात हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

घरी आल्यावर तिने जेवणाच्या वेळी हे सांगितलं. धाकटा भाऊ प्रशिक, पार्टीचा बँजोवाला, खो खो हसला. "दीदी, चाँद ने मार दिया तुझको।"

आई सरलाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "धोंडा तर हायेच यंदा," त्या म्हणाल्या. "मले माहीत होतं."

तिघांचेही हात थांबले.

"तुले कसं माहीत?" धर्मपालांनी विचारलं.

सरलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. दाराच्या मागे, झाडूच्या वर, तिथी-नक्षत्रं छापलेलं कॅलेंडर लटकत होतं. गॅस आणि दुधाचा हिशेब त्यावर लिहिलेला होता. धर्मपालांनी तीस वर्षं अभिमानाने सांगितलं होतं की आपल्या घरात पंचांग नाही, आणि ते दाराच्या मागे होतं.

"आई, मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही? तीन वर्षं झाले कंप्युटरले विचारून राहिली. त्याच्या घरी लग्न झालं काय कधी?"

सोमवारी बाप-लेक फायनान्स कंपनीत गेले. तिथला इंद्रजीत सिंग हा सभ्य तरुण होता. धुमालचा त्याला शौक होता, पण हिशेबात तो दिसू देत नसे.

"तारीख नहीं बढ़ेगी, अंकल," तो म्हणाला. "सोलह तारीख को खाता ओवरड्यू। दो परसेंट महीना पेनल चार्ज, पूरे चौबीस लाख पर। यानी अड़तालीस हज़ार। फिर नोटिस, फिर गाड़ी हमारे यार्ड में।"

गाडी यार्डात, म्हणजे २१ जूननंतरच्या एकोणीस वराती यार्डात. धोंडा संपल्यानंतरच्या तारखांवर लोक तुटून पडले होते. ती पानं खच्चून भरलेली होती.

"पर रिन्यू कर लीजिए न," इंद्रजीत म्हणाला. "वही चौबीस लाख, तीन साल और। फीस जीएसटी मिला के छप्पन हज़ार छह सौ चालीस। आपके फंड का पैसा आपके पास ही रहेगा।"

धर्मपालांचे डोळे चमकले. नीलिमाला ती चमक ओळखीची होती; जिद्दी आठव्या लाइटची होती. साडेएकवीस लाख हातात! दुसरा ट्रक, नवे स्पीकर, सगळे रंग दाखवणारे लाइट.

"दोन लाख चाळीस हजार कमी आहेत," ती म्हणाली, "म्हणून आणखी तीन वर्षं दरमहा तीस हजार. दहा लाख ऐंशी हजार व्याज, आणि शेवटी पुन्हा चोवीस लाख तसेच." मग इंद्रजीतकडे वळून: "बाकी हम भर दें और सिर्फ़ ढाई लाख का नया लोन?"

"पाँच लाख से नीचे हमारे यहाँ केस नहीं बनता, दीदी।"

बाहेर पडल्यावर धर्मपालांनी उसाचा रस घेतला आणि तो संपवला. मग म्हणाले, "फंडाले हात लावला त तू मले सोडशीन काय?"

"नाही."

"मंग सांग, कोण करते धोंड्यात लग्न?"

नीलिमाने ग्लास खाली ठेवला. "आपण," ती म्हणाली.

तिचा युक्तिवाद तर्काला धरून होता. बौद्ध लग्नाला मुहूर्त लागत नाही. त्रिशरण, पंचशील, हार, टाळ्या, जेवण. रायपूर, भिलाई, दुर्ग इथे स्टील प्लांटमध्ये आणि रेल्वेत विदर्भातून आलेली हजारो घरं आहेत. धोंड्यात हॉल रिकामे, भाव पडलेले. धुमालही पंचेचाळीसऐवजी अडतीस हजारांत द्यायचा. माणसं कमी नेऊन खर्च अठ्ठावीसमध्ये बसवला की दहा हजार फंडाला उरतातच. तिने निरोप लिहिला, प्रशिकने तो दोनशे ग्रुपवर टाकला.

पहिल्या आठवड्यात फोन आले तीन.

"दीदी, सब छुप के कैलेंडर देखते हैं," प्रशिक म्हणाला. "एक अंकल बोले, हम नहीं मानते, पर समधी मानते हैं। दूसरे बोले, हम भी नहीं मानते, समधी भी नहीं मानते, पर मम्मी का मन नहीं है।"

"तिसरे?"

"तीसरे ने बुक किया। इंटरकास्ट है, दोनों तरफ़ से कोई नहीं आ रहा। धुमाल से भीड़ दिखेगी बोले।"

नीलिमाने वहीत नवा रकाना केला: 'मानत नाही, पण'. ८ जूनपर्यंत त्या रकान्यात सेहेचाळीस घरं झाली. खरोखरच न मानणारी निघाली अकरा. पण त्या अकरा वराती वाजल्या. भिलाईच्या एका लग्नात तर नवरदेवाचे आजोबा, वय एक्याऐंशी, ट्रकपुढे पाऊण तास नाचले आणि म्हणाले, धोंड्यात नाचायची मजाच वेगळी, रस्ता पूर्ण आपला.

८ जूनच्या संध्याकाळी तिने मांडलं. मेच्या मध्यापर्यंत सहाऐवजी सात बुकिंग झाली होती, म्हणजे एकशे सत्त्याण्णव; त्यात अकरा. दोनशे आठ गुणिले दहा हजार: वीस लाख ऐंशी हजार. ठेवी मोकळ्या झाल्या होत्या, व्याज हाती आलं दोन लाख एक हजार सहाशे चाळीस. एकूण बावीस लाख एक्याऐंशी हजार सहाशे चाळीस. कमी: एक लाख अठरा हजार तीनशे साठ.

"एकोणीस वराती बुक हायेत ना पुढच्या," धर्मपाल म्हणाले. "त्यायचे सगळे पैसे आताच घेऊन टाकू."

"वाजवण्याआधी घेतलेला पैसा आपला नसतो. सगळा घेऊन कंपनीला दिला, तर त्या दिवशी डिझेल आणि चौदा जणांची मजुरी कुठून आणाल?"

"मंग?"

नीलिमाने पेन्सिल फिरवली. दर वरातीतले दहा हजार फंडाचेच असतात. फक्त नंतर येतात. बयाना वरातीच्या तोंडावर पाच हजार घेतात, तो आताच दहा घ्यायचा आणि तेवढाच फंडात टाकायचा. उरलेले पस्तीस वरातीच्या दिवशी मिळतील, खर्च एकतीस. कोणाचं काही बुडत नाही, फक्त दहा हजार दोन-तीन आठवडे आधी चालत येतात. बारा घरांनी दिला तर एक लाख वीस हजार.

धर्मपाल स्कूटर घेऊन निघाले. पुरानी बस्तीतल्या एका शेठजींनी बयाना वाढवण्याच्या बदल्यात दोन गाणी जास्त मागितली. एकाने फिरता लाइट कुठल्या रंगाचा असेल हे लिहून मागितलं. धर्मपालांनी 'निळा' लिहून दिलं. शनिवार १३ जूनपर्यंत अकरा घरांनी पैसे दिले. सात जणांनी स्पष्ट सांगितलं, पाच म्हणजे पाच, आणि तेही वरातीच्या तोंडावर.

"अकरा आणि सात, अठरा," नीलिमा म्हणाली. "एकोणिसावं घर कुठलं?"

धर्मपालांनी ताशाकडे पाहिलं. प्रशिकने छताकडे पाहिलं.

"बावीस जूनचं," धर्मपाल शेवटी म्हणाले. "लोकेशचं. तुह्या मामाचा पोट्टा. त्यायले फुकट म्हणून सांगतलं मी. घरचं लग्न आहे."

नीलिमाने डायरी उघडली. २२ जून, लोकेश, आणि रकमेच्या जागी एक रेघ. अकरा घरांचे दहा-दहा हजार धरून फंडात तेवीस लाख एक्क्याण्णव हजार सहाशे चाळीस. आठ हजार तीनशे साठ कमी. शिकवण्यांचे पैसे जुलैत येणार होते, धर्मपालांची पेंशन महिनाअखेरीला, आणि चालू खात्यात शेवटच्या महिन्याच्या व्याजाचे तीस हजार होते, ज्यांना हात लावला तर तो हप्ता चुकला असता.

"बाबा, मामाला फोन करा."

"मी नाही करत. जबान दिली मी त्याले. साळा आहे माझा, लोकं काय म्हणतीन?"

सरलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे जनरेटरवर ठेवला, प्रशिकच्या हातातला फोन घेतला आणि भावाला लावला. स्पीकर चालू होता.

"दादा, सरला बोलून राहिली. लोकेशचं लग्न बावीसले काहून ठेवलं?"

"असंच," मामा म्हणाला. "सोमवार होता, हॉल भेटला."

"एप्रिल महिन्यात पोट्टी पसंत झाली. मंग दोन महिने काहून थांबला?"

"घरातले म्हणत होते धोंडा आहे. आपण नाही मानत, पण..."

"पण," सरलाबाई म्हणाल्या. नीलिमाने वहीतला रकाना उघडून आकडा सत्तेचाळीस केला. "दादा, तुले पंचांग पाहाता येते, त बयाना बी देता येते. दहा हजार पाठव. प्रशिकच्या नंबरवर नाही, भाऊजीच्या खात्यात."

"अवं, भाऊजी तर फुकट म्हणले होते."

"ते भाऊजी म्हणले होते. मी तुही बहीण होय. तुह्या धोंड्यापायी माह्या घरचा ट्रक गेला, त बावीसले तू पोट्ट्याले सायकलवर नेशीन?"

मामाने ट्रकबद्दल विचारलं. सरलाबाईंनी सगळं सांगितलं, तारखेसह, आकड्यांसह, नीलिमापेक्षा थोडक्यात. मामा म्हणाला, आधी सांगतलं असतं तर. सरलाबाई म्हणाल्या, आधी विचारलं असतं तर. फोन ठेवल्यावर त्यांनी धर्मपालांना चहा दिला.

"आता लोकं काय म्हणतीन ते मले सांगा," त्या म्हणाल्या.

धर्मपाल चहा प्यायले. "बाकीचे पस्तीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाकीचं तुमचं मन मोठं आहे, तुम्ही पाहा. डिझेल आणि मजुरी तुमच्या पेंशनमधून."

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धर्मपालांच्या फोनवर दहा हजार आल्याचा मेसेज आला. सोबत मामाचा वेगळा मेसेज होता: लाइट सगळ्या रंगाचे पाहिजेत.

सोमवारी, १५ जूनला, बँक उघडली तेव्हा बाप-लेक दारातच उभे होते. शेवटच्या व्याजाचे तीस हजार चालू खात्यातून गेले. मग फंडाच्या खात्यातून चोवीस लाखांचा आरटीजीएसचा फॉर्म. फॉर्मवर सही करताना धर्मपालांनी पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काही चुकलं का?

"नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं जमवलं, त जाताना पाहून घेतो."

साडेअकराला ते फायनान्स कंपनीत पोचले. इंद्रजीतने स्क्रीनवर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बोजा उतरवायचा आरटीओचा फॉर्म छापायला टाकला.

"अंकल, छब्बीस तारीख को मेरी बहन की शादी है," तो म्हणाला. "आपकी गाड़ी मिलेगी?"

"भेटीन," धर्मपाल म्हणाले. "बयाना दहा हजार."

नीलिमाने वही उघडली. फंडात एकूण जमा: २४,०१,६४०. कर्जफेड: २४,००,०००. आरटीजीएसचा चार्ज करासह: ५३.१०. शिल्लक, १५ जून २०२६, सकाळी ११:५२ ला: १,५८६.९० रुपये.